दिवसभराच्या परीक्षेनंतरचं चार ओळींचं पत्र



या पानावर आजोबांच्या वाड्यांच्या, गणेशोत्सवांच्या आणि जुन्या शाळांच्या आठवणी मी आवडीने वाचतो. आज जरा वेगळा विषय घेऊन आलोय. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. नोकरीची बरीचशी वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली. हल्ली त्याला एचआर म्हणतात, पण आमच्या घरात अजून पर्सोनेलच. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं मी असेसमेंट सेंटरमध्ये असेसर म्हणून बसत असे, म्हणजे उमेदवार दिवसभर जी कामं करतात ती बघून टिपणं काढणाऱ्यांपैकी एक. गेल्या वर्षी माझी भाची अशाच एका दिवसासाठी इंदूरहून आमच्याकडे आली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. परत आल्यावर तिने आभाराचं पत्र लिहायला घेतलं आणि त्या एका पत्रावर आमच्या घरी बराच वेळ गेला.

आधी हा प्रकार काय असतो ते सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांना मुलाखत माहीत असते, हे नसतं. त्यातल्या त्यात ग्वाल्हेर-इंदूरच्या घरांत लगेच कळेल, कारण भोपाळला एसएसबीसाठी गेलेला एखादा तरी मुलगा प्रत्येक नात्यात सापडतो. मूळ तेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडायला 1942 साली ही पद्धत घेतली. नुसते प्रश्न विचारायचे नाहीत, माणसांना एकत्र काम करायला लावायचं आणि बघायचं. पुढे 1956 पासून अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने ती आपल्या मॅनेजरांसाठी वापरली आणि तिथून ती उद्योगांत आली. एसएसबी पाच दिवस चालते आणि शेवटच्या दिवशी निकाल हातात पडतो, त्यामुळे तिथे आभाराचं पत्र लिहायचा प्रश्नच येत नाही. कंपन्या हे सगळं एका दिवसात बसवतात आणि निकालाला आठ-पंधरा दिवस लावतात. हे पत्र त्या मधल्या दिवसांतलं.

भाचीच्या वेळी बारा उमेदवार होते आणि सहा असेसर. सकाळी साडेआठला सुरुवात. आधी इन-ट्रे, म्हणजे तुम्ही नव्याने रुजू झालेले अधिकारी आहात असं समजून टेबलावर पडलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा ठरलेल्या वेळात निकाल लावायचा. मग सहा-सहाच्या दोन गटांत ग्रुप टास्क. जेवणानंतर रोल-प्ले, त्यात समोर चिडलेला ग्राहक किंवा नाराज हाताखालचा माणूस म्हणून कोणीतरी बसलेला असतो. मग एक छोटं प्रेझेंटेशन आणि शेवटी मुलाखत. संध्याकाळी सहा वाजता ती घरी आली तेव्हा तिने मामीकडे फक्त चहा मागितला आणि पाऊण तास काही बोललीच नाही.

रात्री जेवताना म्हणाली, "मामा, आभाराचा मेल आजच पाठवते. पाच जणांची नावं लक्षात आहेत, सहाव्यांचं शोधते."

मी म्हटलं, "थांब. पाठव, पण आधी मला दाखव."

तिचा मसुदा चांगला चारशे शब्दांचा होता आणि पाच जणांना पाच वेगवेगळे जाणार होते. वेगळेपण फक्त एका वाक्यात होतं. प्रत्येकाला तिने लिहिलं होतं की आपण विचारलेल्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं. आता असेसर मंडळी कशी वागतात ते मला माहीत आहे. एकदा आमच्याकडे एका उमेदवाराचं असंच पत्र आम्हा सहाही जणांना आलं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकाने मोबाईल काढून वाचून दाखवलं, दुसरा म्हणाला, "अरे, हे तर माझं वाक्य!" त्या मुलाचं नुकसान काही झालं नाही, त्याचे मार्क आधीच लागले होते. पण नंतर त्याचं नाव निघालं की सगळ्यांना ते वाक्यच आठवायचं.

मार्क आधीच लागले होते, हा या सगळ्यातला मुख्य भाग आहे आणि उमेदवारांना तोच माहीत नसतो. व्यायाम चालू असताना असेसर मार्क देत नाही. तो फक्त टिपतो, जमेल तितकं शब्दशः. 'आत्मविश्वास चांगला' असं लिहायचं नाही. 'दहाव्या मिनिटाला म्हणाली, आधी पैसे किती आहेत ते बघू' असं लिहायचं. व्यायाम संपल्यावर ती टिपणं वाटून लावायची: हे वाक्य नियोजनात, हे ऐकून घेण्यात, हे निर्णय घेण्यात. मग मार्क, बहुतेक ठिकाणी एक ते पाच. प्रत्येक गुण निदान दोन वेगळ्या व्यायामांत बघितलेला असतो आणि शक्य तितके वेगवेगळ्या असेसरांनी, म्हणजे एकाच्या आवडीनिवडीवर काही ठरत नाही. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी सगळे असेसर एकत्र बसतात आणि एकेका उमेदवारावर बोलतात. कोणी चार दिले, कोणी दोन, तर दोघांनीही आपापल्या टिपणातलं वाक्य काढून दाखवायचं. त्या खोलीत टिपणात नसलेली गोष्ट चालत नाही. नीट चालवलेल्या सेंटरमध्ये आभाराचं पत्र त्या खोलीत पोचत नाही, आणि पोचलं तरी त्याला रकाना नाही. माझ्या सगळ्या नोकरीत पत्रामुळे कोणाचा एक मार्क वाढलेला मी पाहिला नाही.

"मग लिहायचंच कशाला?" भाचीने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

लिहायचं कारण असं की तो दिवस कोणीतरी उभा केलेला असतो. त्या कंपनीत ते काम एका बाईंकडे होतं. बारा जणांना पत्रं पाठवणं, खोल्या लावणं, कोण किती वाजता कुठल्या असेसरसमोर याचं वेळापत्रक बसवणं, इंदूरच्या मुलीची गाडी उशिरा आली तर काय याचा विचार करणं, हे सगळं त्यांचं. असेसर कधीकधी बाहेरून मानधनावर आलेले असतात, चिडलेला ग्राहक झालेला माणूसही बाहेरचाच असतो. त्यांचे पत्ते शोधून काढून लिहिणं बरं दिसत नाही. सगळा पत्रव्यवहार ज्या बाईंशी झाला त्यांनाच एक पत्र, आणि त्यात 'असेसरांनाही माझे आभार कळवावेत' अशी ओळ. तेवढी ओळ त्या पोचवतात, आम्हाला त्या अशाच पोचत असत. दुसरं कारण व्यवहाराचं. निकाल काहीही लागो, दिवसभर सहा माणसांनी आपल्याला बघून लिहून ठेवलंय, त्यातलं थोडं ऐकायला मिळालं तर पाहिजे ना? ते मागायची सोय या पत्रात असते. पुष्कळ कंपन्या मागितल्याशिवाय काही सांगत नाहीत.

मग आम्ही मसुदा कापायला बसलो. इन-ट्रेबद्दल एक अख्खा परिच्छेद होता: वेळ कमी पडला, शेवटचे चार कागद राहिले, ते मी असे-असे हाताळले असते. हा परिच्छेद मी पहिल्यांदा काढला. न सोडवलेला प्रश्न घरून सोडवून पाठवला तर वाचणारा त्याचं काय करणार? त्याच्याकडे उत्तरपत्रिका आहे. असं पत्र आलं की माणूस निकालावर वाद घालायच्या तयारीत आहे एवढंच दिसतं, मग ती कितीही नम्र असो.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. ग्रुप टास्कचा विषय तिने सविस्तर लिहिला होता, कुठला कारखाना, कुठली अडचण, आकड्यांसकट. मी विचारलं, "सकाळी कसल्या कागदावर सही केलीस?" तिला आठवलं. व्यायामांचा मजकूर बाहेर सांगणार नाही असं लिहून घेतात. एक व्यायाम तयार करायला, आधी चार लोकांवर करून बघायला, मार्कांचे निकष ठरवायला बराच वेळ जातो, आणि मग तोच व्यायाम पुढच्या कित्येक तुकड्यांना देतात. मेल एकाकडून दुसऱ्याकडे जातोच. पुढच्या तुकडीच्या मुलाला कारखान्याचं नाव आधी कळलं तर तो व्यायाम वाया गेला. म्हणून व्यायामाचा प्रकार लिहायचा, गोष्ट लिहायची नाही. मीही इथे ढोबळच सांगतोय, समजून घ्या.

एवढं कापल्यावर एक परिच्छेद उरला, आणि त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो.

त्यांच्या ग्रुप टास्कमध्ये सहा जणांना सहा वेगळे कागद होते आणि मर्यादित पैसे कुठे खर्च करायचे ते चाळीस मिनिटांत ठरवायचं होतं. पंचवीस मिनिटं सगळे आपापलंच बोलत राहिले. एक राजकोटचा मुलगा होता, इंग्रजी अडखळत बोलणारा. तो गप्प बसून सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडत होता. त्याच्या लक्षात आलं की दोन कागदांतले आकडे जुळत नाहीत, कारण एकात महिन्याचे आहेत आणि दुसऱ्यात वर्षाचे. त्याने तो कागद शेजारी बसलेल्या माझ्या भाचीकडे सरकवला आणि हळूच सांगितलं. तिने ते सगळ्या गटाला सांगितलं, गटाचा निर्णयच बदलला, आणि शेवटी तीन मिनिटांत निर्णय मांडायचं कामही तिच्याकडे आलं. बोलता बोलता वेळ संपल्याची घंटी वाजली. त्याचं नाव घ्यायचं राहिलं. नंतर जेवताना दोघं-तिघं तिला म्हणाले, "तू वाचवलंस आम्हाला." तो मुलगा त्याच टेबलावर होता.

भाचीने पत्रात लिहिलं होतं की ती चूक शोधली माझ्या गटातल्या अमुक मुलाने, मी नाही, आणि हे मार्क देताना लक्षात घ्यावं.

मामीचं मत पडलं, की असंच्या असं राहू दे. खरं बोलायला काय हरकत? इंदूरहून माझ्या बहिणीचा फोन आला, तिचं बरोबर उलटं. "दादा, तिला सांग, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नको. एवढी मोठी संधी आहे." आणि वर, "पत्र जरा मोठं लिहायला सांग, एवढंसं बरं दिसत नाही." बहिणीची काळजी मला समजत होती. मेव्हण्यांची गिरणी बंद झाली तेव्हापासून त्या घरात पक्की पगाराची नोकरी कोणाला नव्हती. ही ती पहिली ठरली असती.

मी भाचीला तिसरंच सांगितलं. म्हटलं, त्या खोलीत भिंतीला टेकून तीन असेसर बसले होते ना? एकेकाकडे दोन-दोन उमेदवार. म्हणजे तू बोलत होतीस तेव्हासुद्धा एक माणूस फक्त त्या मुलाकडे आणि आणखी एकाकडे बघत होता. कागद कोणी लिहिला, कोणी सरकवला, कोणाच्या कानात काय सांगितलं, हे त्याच्या टिपणात वेळेसकट असणार. गप्प बसलेल्या उमेदवारावर नेमलेला असेसर त्याचे हात बघत बसतो, दुसरं काम काय त्याला? मी स्वतः अशा कितीतरी मुलांची टिपणं काढलीत, 'बोलला नाही, सगळ्यांचे आकडे एकत्र मांडले' अशी. संध्याकाळी तुझ्या असेसरने तुला श्रेय दिलं, तर त्याचा असेसर तिथेच आपला कागद पुढे करेल. एरवी असं सुटू शकतं, म्हणजे एका असेसरकडे चार-चार उमेदवार असले की किंवा तो मुलगा त्याच्याकडे पाठ करून बसलेला असला की. इथे तसं नव्हतं. त्यामुळे मार्कांबद्दल तू लिहिलेलं वाक्य तिथे कामाचं नाही, आणि दुसऱ्या उमेदवाराच्या मार्कांबद्दल उमेदवाराने लिहिणं कंपनीला अवघड पडतं. त्यांना त्यावर काही उत्तर देता येत नाही.

"मग गप्प बसू?" तिचा आवाज चढला होता.

"गप्प कशाला? ज्याचे आभार मानायचेत त्याचे मान ना. नंबर आहे का त्याचा?"

नंबर होता. दुपारी सगळ्यांनी मिळून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला होता. तिने ग्रुपवरच लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: महिन्याचे-वर्षाचे आकडे याने ओळखले, मी फक्त बोलून दाखवले, मांडताना नाव घ्यायचं राहिलं, सॉरी आणि थँक्यू. ते लिहायला तिला दोन मिनिटं लागली आणि पाठवायला वीस.

कंपनीला गेलेलं पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मजकूर इथे मराठीत देतो:

"विषय: मंगळवारचा असेसमेंट डे, आभार

मॅडम,

मंगळवारच्या दिवसाबद्दल आपले आणि आपल्या सहकाऱ्यांचे मनापासून आभार. पाच वेगवेगळे व्यायाम असूनही कुठे थांबावं लागलं नाही, आणि पुढे काय आहे हे प्रत्येक वेळी आधी सांगितलं जात होतं, त्यामुळे बाहेरगावाहून आलेल्या मला दिवस सोपा गेला.

ग्रुप टास्कमध्ये माझ्या गटातल्या सहकाऱ्यांकडून मला शिकायला मिळालं. विशेषतः निर्णयाआधी सर्वांची माहिती एकत्र मांडण्याचं काम आमच्यातल्या एकाने केलं, ते मी लक्षात ठेवीन.

असेसरांना आणि रोल-प्ले करणाऱ्यांना माझे आभार कळवावेत.

निकाल काहीही असला तरी, आपल्या पद्धतीत बसत असेल तर, माझ्या कामगिरीबद्दल थोडक्यात अभिप्राय मिळाल्यास मी आभारी राहीन."

खाली नाव, कुठल्या पदासाठी, आणि फोन नंबर. बस्स. 'एकाने केलं' हे तिने हट्टाने ठेवलं आणि मीही सोडून दिलं. त्यात मार्कांचा उल्लेख नव्हता, व्यायामाची गोष्ट नव्हती, आणि खोटं तर नव्हतंच. बुधवारी सकाळी दहाच्या आत पत्र गेलं. आमच्या वडिलांची पत्रं 'लोभ असावा' म्हटल्याशिवाय संपत नसत. बहिणीला ते 'आभारी राहीन' कोरडं वाटलं. मी म्हटलं, कंपनीकडे लोभ कसला मागतेस?

मॅडमचं उत्तर त्याच दुपारी आलं, तीन ओळींचं: धन्यवाद, असेसरांना कळवते, निकालानंतर अभिप्रायासाठी फोन करू.

निकाल बाराव्या दिवशी लागला. बारातले तिघे घेतले. भाची त्यात नव्हती. राजकोटचा मुलगा होता.

बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वाटत होतं की त्या 'एकाने केलं' मुळेच घात झाला. मी तिला खोल्या, टिपणं, रकाने सगळं पुन्हा समजावलं, पण आईला रकाने कोण पटवणार?

तिसऱ्या दिवशी मॅडमचा खरंच फोन आला आणि त्या पंचवीस मिनिटं बोलल्या. भाचीने वहीत लिहून घेतलं, वही मी पाहिली आहे. ऐकून घेणं आणि मांडणं यांत मार्क चांगले होते. रोल-प्लेतही. पडली ती नियोजनात, आणि ते दोन व्यायामांत दिसलं होतं. इन-ट्रेचे कागद तिने वरून खाली, आले तसे हातात घेतले. गठ्ठ्यात तळाशी एक कागद होता, ज्याने वरच्या तीन कागदांचा निर्णयच बदलत होता. तिथे पोचेपर्यंत तिची तिन्ही उत्तरं लिहून झाली होती. आणि ग्रुप टास्कमध्ये पहिली पंचवीस मिनिटं वेळ कसा वाटून घ्यायचा हे तिच्यासकट कोणीच काढलं नाही. म्हणजे घरून सोडवून पाठवायला निघाली होती ते शेवटचे चार कागद हा प्रश्नच नव्हता. प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत गठ्ठा चाळला नाही हा होता.

तिने फोनवर विचारलं, "माझ्या पत्रामुळे काही..."

मॅडम हसल्या म्हणे. "पत्र आलं तेव्हा मीटिंग होऊन गेली होती. तुमच्या गटातल्या त्या आकड्यांवर मात्र तिथे बराच वेळ चर्चा झाली." त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि बोलायलाही नको होतं.

चार महिन्यांनी पीथमपूरच्या एका कंपनीने असाच दिवस ठेवला. तिथेही इन-ट्रे होता. तिने आधी सगळा गठ्ठा चाळला, कागदांच्या कोपऱ्यांवर पेन्सिलीने आकडे टाकले आणि मग लिहायला बसली. आता तिथेच नोकरीला आहे, रोज इंदूरहून कंपनीच्या बसने जाते-येते. त्या दिवसानंतरचं आभाराचं पत्र तिने मला न दाखवता पाठवलं.

राजकोटच्या मुलाचं उत्तर मात्र त्या पहिल्याच रात्री आलं होतं. ग्रुपवर नाही, तिला एकटीला. "अरे, एमां शुं!" आणि खाली इंग्रजीत, इंग्रजीमुळे मला वाटलं होतं कोणाला कळणारच नाही.

तुमच्याकडे कोणी अशा दिवसाला बसलं असेल तर नंतर काय लिहिलं, कोणाला लिहिलं, आणि उत्तर आलं का, ते जरूर सांगा. एसएसबीवाल्यांचे अनुभवही चालतील.